मदत हवी आहे: एफडी फॅन वारंवार ट्रिप, खरं कारण कसं शोधायचं?

प्रोसेसहाऊस_इचल
इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगचं युनिट आहे. थर्मिक फ्लुइड हीटर आठवड्यातून दोन-तीनदा बंद पडतो. एचएमआयवर एकाच सेकंदाला अलार्मची रांग लागते: एफडी फॅन ट्रिप, फ्यूएल स्क्रू ट्रिप, ड्राफ्ट लो. सगळ्यात वर एफडी असतो. एफडीचा ओव्हरलोड रिले बदलला, मोटरचं मेगर घेतलं, बेअरिंग पाहिलं. सगळं ठीक. रिसेट केलं की पुन्हा चालू. हीटर थांबला की स्टेंटर थांबतो आणि आत अडकलेलं कापड वाया जातं. पहिला अलार्म कोणता हे पीएलसीत पकडता येतं का? लवकर सांगा, मालक रोज विचारतात.

रंगवायर
येतं की. लॅडरमध्ये प्रत्येक ट्रिपची एक रंग, म्हणजे लॉजिकची एक ओळ, लिही आणि आधीची कुठलीही लॅच झालेली नसेल तरच ही लॅच होऊ दे. पहिली लॅच झाली की बाकीच्यांना दार बंद. आमच्या तीन मशिनांवर हेच चालतं.

शुभदा_ऑटोमेशन
रंगवायर, दोन ट्रिप एकाच स्कॅनमध्ये आल्या तर तुमच्या पद्धतीत वरची रंग जिंकते आणि ऑपरेटरला ते कारण वाटतं. अशा वेळी दोन्ही नावं दाखवायला हवीत. पण त्याआधी धागाकर्त्याला विचारते: पीएलसीचा स्कॅन टाइम किती? अलार्मची वेळ पीएलसी लावतं की एचएमआय? 'एफडी फॅन ट्रिप' हा बिट नेमका कशावरून बनतो?

प्रोसेसहाऊस_इचल
स्कॅन 10-12 मिलिसेकंद. वेळ एचएमआय लावतो. एफडी ट्रिप म्हणजे एफडी फॅन ट्रिप, अजून कशावरून बनणार?

शुभदा_ऑटोमेशन
ओव्हरलोडच्या कॉन्टॅक्टवरून बनतो, की 'कमांड आहे पण रन फीडबॅक नाही' यावरून? फीडबॅकवरून असेल तर टायमर किती? आणि एचएमआय सेकंदाला एकदाच बिट वाचत असेल तर त्या एका सेकंदातला क्रम म्हणजे यादीतला अनुक्रमांक. त्यावर विसंबू नका.

कोराडी_शिफ्ट
वीज केंद्रात यासाठी सिक्वेन्स ऑफ इव्हेंट्सचं कार्डच असतं, 1 मिलिसेकंदाचं रिझोल्यूशन. ते घ्या, वादच संपेल.

शुभदा_ऑटोमेशन
दादा, कार्ड उत्तम असतं, पण त्याला थेट फील्डचा कॉन्टॅक्ट मिळाला तरच. टायमरनंतरचा बिट दिलात तर ते चुकीचा क्रम मिलिसेकंदाच्या अचूकतेनं लिहील. इथे 12 मिलिसेकंदांचा स्कॅन पुरेसा व्हावा.

मीनल_साखर
आमच्याकडे ट्रिप झाली की मोबाइलवर मेसेज येतो, गेटवे बसवलाय. ऑपरेटर पळत येतो. तुम्हीही बसवा.

प्रोसेसहाऊस_इचल
मेसेज नको आहे हो ताई, कारण हवंय.
शुभदाताई, प्रोग्राम उघडून बघितला. हवा ढकलणारा एफडी आणि धूर ओढणारा आयडी, दोन्ही फॅनचा फॉल्ट फीडबॅकवरून आहे. एफडीला 1 सेकंदाचा टायमर, आयडीला 8 सेकंदांचा, कारण आयडी स्टार-डेल्टावर आहे आणि सुरू होताना फीडबॅक उशिरा येतो. कुठलाही फॉल्ट आला की कॉमन ट्रिप लागते आणि आयडी, एफडी, स्क्रू तिघांच्या कमांड जातात. आयडीचा अलार्म यादीत कधीच नसतो, म्हणून त्याकडे पाहिलं नाही.

जुना_हीटरवाला
कॉमन ट्रिपमध्ये सर्क्युलेशन पंप नाही ना? भट्टी गरम असताना तेल कॉइलमध्ये थांबलं तर जळून कार्बन धरतं. आधी ते बघ.

प्रोसेसहाऊस_इचल
नाही, पंप वेगळा आहे, चालूच राहतो.

शुभदा_ऑटोमेशन
मग शंका आयडीवर घ्या. आयडी बंद असताना एफडी चालला तर आग तोंडातून बाहेर येते, म्हणून बहुतेक पॅनेलमध्ये आयडीच्या कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट एफडीच्या कॉइलच्या वायरिंगमध्ये असतो. तुमच्याकडेही असेल तर असं होतं: आयडी पडतो, वायरिंगमुळे एफडी लगेच पडतो, 1 सेकंदानं एफडीचा फॉल्ट येतो आणि कॉमन ट्रिप आयडीची कमांडही काढते. कमांड गेली की आयडीचा 8 सेकंदांचा टायमर शून्यावर. म्हणजे ज्यानं सुरुवात केली त्याचा अलार्म येऊच शकत नाही. या बिट्सवर पहिली ट्रिप पकडणारं कितीही चांगलं फर्स्ट-आउट लावा, ते दर वेळी एफडीचंच नाव सांगेल.

फर्स्ट-आउट टायमरच्या आधी, फीडबॅक पडण्याच्या क्षणावर लावा. ट्रिपच्या टायमरला हात लावू नका, हे फक्त नोंदीसाठी आहे.

```
ID_Drop := ID_Cmd AND ID_Old AND NOT ID_Fb;
FD_Drop := FD_Cmd AND FD_Old AND NOT FD_Fb;
ID_Old := ID_Fb;
FD_Old := FD_Fb;
IF ID_Drop THEN T_ID := Ms; END_IF;
IF FD_Drop THEN T_FD := Ms; END_IF;
IF Armed AND (ID_Drop OR FD_Drop) THEN
  FO_ID := ID_Drop;
  FO_FD := FD_Drop;
  Armed := FALSE;
END_IF;
IF ID_Fb AND FD_Fb THEN Armed := TRUE; END_IF;
```

`Ms` म्हणजे सतत चालणारा मिलिसेकंदांचा काउंटर. फीडबॅक आधी आलेला असेल तरच तो 'पडला' असं धरलंय, त्यामुळे स्टार-डेल्टाच्या सुरुवातीला खोटी नोंद होत नाही. `FO_ID` आणि `FO_FD` रिसेट बटणाला जोडू नका. रात्रपाळीचा ऑपरेटर आधी रिसेट दाबतो आणि मग तुम्हाला फोन करतो. पुढची नोंद येईपर्यंत जुनी राहू द्या.

रंगवायर
एवढं कशाला? आयडीचा टायमर 8 वरून अर्ध्या सेकंदावर आणा, आपोआप तो आधी येईल.

शुभदा_ऑटोमेशन
मग हीटर सुरूच होणार नाही, स्टार्टिंगलाच फॉल्ट येईल. सुरू होतानाचा आणि चालू असतानाचा टायमर वेगळा करायला हवा हे मात्र बरोबर. ते शटडाउनला करा.

प्रोसेसहाऊस_इचल
वायरिंगमध्ये इंटरलॉक आहे, ड्रॉइंगमध्ये सापडला. वरचं लॉजिक टाकलं आणि काल रात्री पुन्हा ट्रिप झाली. `FO_ID` लागला, `FO_FD` नाही. `T_FD` हा `T_ID` पेक्षा 40 मिलिसेकंदांनी पुढे. एचएमआयवर नेहमीसारखा एफडी वर! आयडीचा ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला नव्हता. म्हणजे आयडीच्या फीडबॅकची वायर सैल असावी का?

शुभदा_ऑटोमेशन
फक्त फीडबॅकची वायर सैल असती तर पीएलसीला आयडी बंद दिसला असता, पण एफडी खरोखर पडला नसता, कारण त्याचा इंटरलॉक दुसऱ्या कॉन्टॅक्टवरून जातो. दोन्ही कॉन्टॅक्ट उघडले, म्हणजे कॉन्टॅक्टरच सुटला. आता कॉइलचा मार्ग तपासा: ओव्हरलोडचा एनसी कॉन्टॅक्ट, स्थानिक स्टॉप बटण, पीएलसीचा आउटपुट रिले. फॅनजवळचं स्टॉप बटण आधी, तिथे कंपन आणि राख दोन्ही असतात.

कोराडी_शिफ्ट
सहमत नाही. व्होल्टेज डिप असेल. रात्रीच होतंय.

शुभदा_ऑटोमेशन
डिपमध्ये दोन्ही कॉन्टॅक्टर साधारण एकदम सुटले असते, दोन्ही बिट एका स्कॅनमध्ये लागले असते. इथे 40 मिलिसेकंदांचं अंतर आहे.

कोराडी_शिफ्ट
सगळे कॉन्टॅक्टर सारख्या व्होल्टेजला सुटत नाहीत. आयडीचा मोठा कॉन्टॅक्टर आधी सुटून बाकीचे टिकले, हे मी पाहिलंय. आणि पंप टिकला म्हणून पुरवठा ठीक असं धरू नका.

शुभदा_ऑटोमेशन
हा मुद्दा मान्य, एका नोंदीवरून तो बाद होत नाही. प्रोसेसहाऊस, आयडी, एफडी आणि पंप यांच्या कॉइल एकाच कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवर आहेत का? आणि आयडीच्या कॉइलच्या टोकांवर एक छोटा रिले टाकून त्याचा कॉन्टॅक्ट रिकाम्या इनपुटला द्या. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरही तसाच एक. हे दोन्ही इनपुटही याच लॉजिकमध्ये घ्या, म्हणजे कोण आधी पडतो ते दिसेल.

प्रोसेसहाऊस_इचल
दोन इनपुट रिकामे आहेत. ट्रान्सफॉर्मरचं पॅनेल उघडून सांगतो. रविवारी हीटर बंद असतो, तेव्हा रिले बसवतो आणि स्टॉप बटणही बदलतो.

रंगवायर
दोन्ही एकाच दिवशी करू नका. बटण बदलल्यावर ट्रिप थांबली तर कारण बटण होतं की ते उघडताना घट्ट झालेली एखादी वायर, हे कळणार नाही. आधी रिले.

शुभदा_ऑटोमेशन
बरोबर. आधी रिले, मग पुढची ट्रिप होऊ द्या.