परिग्रह-परिमाण: बांध फोडला तर शेत एक की दोन?

> "अपरिग्रह म्हणजे सगळं सोडणं, तर मग आमच्या जळगावातले जैन शेतकरी-व्यापारी तो पाळतात कसा?"

सगळं सोडणं हे साधूंचं महाव्रत झालं. गृहस्थाचं ते अणुव्रत, त्याला परिग्रह-परिमाण म्हणतात. शेत-घर, सोनं-चांदी, धन-धान्य, गुरं, भांडीकुंडी या सगळ्याची मर्यादा आपणच आधी ठरवायची आणि तिच्यापुढे जायचं नाही.

खरी गंमत पळवाटांत आहे. समजा, एकाने दोनच शेतांचा नियम घेतला. पुढे शेजारचं केळीचं शेत विकायला निघालं. त्याने ते घेतलं, मधला बांध फोडला आणि म्हणाला, "मोजा, दोनच आहेत!" बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी नेमकी हीच युक्ती 'अतिचार', म्हणजे व्रताला लागलेला दोष, म्हणून नोंदवली आहे. जादाचं सोनं व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवणं किंवा गाभण गाईच्या पोटातलं वासरू न मोजणं, हेही त्यातच. (माणसाचा स्वभाव नऊशे वर्षांत फारसा हललेला दिसत नाही.)

याला व्रतभंग न म्हणता अतिचार म्हणतात, कारण आकडा शाबूत राहतो, हेतू मात्र सुटतो. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रहाची व्याख्याच 'मूर्च्छा' अशी आहे, म्हणजे वस्तूवरची आसक्ती. ती बांध फोडणाऱ्याच्या मनात आहेच.