सवलत नेमकी कोणत्या भावावर मोजता?

"८ टक्क्यांच्या वर सवलत दिली की कोटेशन मंजुरीला अडतं, तरी ऑर्डरीत मार्जिन का उरत नाही?"

मर्यादा बरोबर असेल, पण ती कोणत्या भावावर मोजली जाते ते बघा. आमचा जळगावला पाइपचा धंदा. एका पाइपचा मूळ भाव १००० रुपये, चोपड्याच्या डीलरच्या खास भावयादीत तोच ८८०. कोटेशनमध्ये ८८० आपोआप येतात, त्यावर सेल्समनने ५ टक्के सोडले की ८३६. सिस्टिमला फक्त ५ दिसतात, म्हणून मंजुरी लागतच नाही. मूळ भावावर मात्र १६.४ टक्के गेलेले असतात, आणि आमची पडतळ ८५० होती. म्हणजे पाइपमागे १४ रुपये घरचे!

दुसरी पळवाट आम्हाला उशिरा कळली. सवलतीचा रकाना शून्य ठेवून दरातच ८३६ टाकायचे. म्हणून आता आम्ही मंजुरीची अट सवलतीच्या रकान्यावर न ठेवता अंतिम दर आणि मूळ भाव यांच्यातल्या फरकावर ठेवलीय. डीलरला ठरलेले १२ टक्के धरून एकूण १५ च्या वर गेलं की कोटेशन अडतं. कोटेशनची ऑर्डर करताना दर बदलला तर हीच तपासणी पुन्हा होते, नाहीतर मंजुरी एका दराची आणि बिल भलत्याच दराचं.