प्रतिसाद: १८५८ ची अटलांटिक केबल

>"१८५८ ची केबल महिन्याभरात मेली, ती समुद्राच्या पाण्यामुळेच ना?"

पाणी शिरलं, पण वाट जमिनीवरच तयार झाली होती. तारसंदेशांसाठी समुद्रतळाशी टाकलेल्या या केबलमध्ये तांब्याच्या ७ तारांच्या पिळावर गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या विद्युतरोधकाचे, ३ थर होते. गटापर्चा थंड समुद्रात उत्तम टिकतो, उन्हात मात्र मऊ पडतो. ही केबल उन्हात उघडी पडून राहिली, त्यामुळे तांबं मधोमध न राहता कडेला सरकलं आणि तिथला थर पातळ झाला. पुढे केबल कंपनीचा विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस याने सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला, तेव्हा आधीच दुबळं झालेलं आवरण आणखी बिघडलं.

म्हणूनच नंतरची अटलांटिक केबल टाकणाऱ्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावर केबल पाण्याच्या टाक्यांत ठेवली आणि टाकताना सतत चाचणी चालू ठेवली. आवरणाचा रोध अचानक घसरला, तर दोष बहुधा नुकत्याच पाण्यात गेलेल्या तुकड्यात असे. जहाज थांबवून तो वर ओढत.