उत्तर: सोलर वॉटर हीटरमध्ये पंपाशिवाय पाणी कसे फिरते?

> "टाकी वर आणि पॅनेल खाली, मध्ये पंप नाही, मग गरम पाणी वर चढते कसे?"

गरम पाणी आपल्या बळावर चढत नाही. टाकीच्या तळातून खाली उतरणारे थंड, जड पाणी त्याला वर ढकलते. २५ अंशांना एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ९९७ किलो असते, तर ६० अंशांना सुमारे ९८३ किलो. म्हणजे एक मीटर उंचीचे असे दोन स्तंभ शेजारी धरले, तर त्यांच्या दाबातला फरक जेमतेम १४ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका भरतो, आणि सगळे अभिसरण एवढ्याशा दाबावर चालते. ऊन वाढले की तापमानातला फरक वाढतो आणि प्रवाहही आपोआप वाढतो.

दाब इतका तोकडा असल्यामुळे नळजोडणीतली हयगय चालत नाही. पॅनेलच्या वरच्या टोकापासून टाकीपर्यंतचा गरम नळ सतत चढता हवा. मध्ये कुठे कमान झाली, तर पाण्यातून सुटलेली हवा तिथे अडकते आणि प्रवाह थांबतो. भर दुपारी पॅनेलच्या तोंडाशी नळ हात लावू देत नाही, पण टाकीजवळ तो कोमटच लागतो, तेव्हा बहुधा हेच झालेले असते.

टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा साधारण फूटभर वर ठेवतात. तसे नसेल, तर रात्री पॅनेलमधले पाणी थंड होऊन चक्र उलटे फिरू लागते आणि दिवसभराची उष्णता आकाशात निघून जाते.