मदत हवी आहे: निरोपाचा इंग्रजी मजकूर बोली मराठीत कसा आणू?

शुक्रवारी आमच्या हेडक्लार्क बाई रिटायर होताहेत. साहेबांनी दिलेला इंग्रजी मजकूर मला मराठीत बोलायचाय. ‘यू विल बी डिअरली मिस्ड’चं ‘तुमची कमतरता जाणवेल’ केलं, पण ते परकं वाटलं. मग ‘बाई, तुमच्याशिवाय ऑफिसात करमणार नाही’ असं म्हणून पाहिलं, ते लगेच जमलं. ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’ निमंत्रणपत्रिकेसारखं छापील वाटतं. त्याऐवजी ‘तब्येत सांभाळा, अधूनमधून चक्कर टाका’ म्हणेन.

अडलंय ते ‘इट वॉज अ प्रिव्हिलेज’पाशी. ‘तुमच्यासोबत काम करणं हा आमचा बहुमान होता’ हे तोंडात बसतच नाही. ‘तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं, हे आमचं भाग्य’ बरं वाटतं, पण ‘भाग्य’ जड होतंय का? नुसतं ‘खूप शिकायला मिळालं’ म्हटलं तर आदर कमी पडेल का? तुम्ही काय म्हणाल?