खिडकीत बसून वाचायच्या जागेला काय म्हणावं?

मीरा_अनुवाद: मुलांच्या एका गोष्टीचा अनुवाद करतेय. घर स्कॉटलंडमधलं, दगडी. पाऊस, काचेवर थेंब, आणि खिडकीच्या आतल्या बाकावर पाय वर घेऊन, ब्लँकेट पांघरून वाचणारी मुलगी. शेजारी दिवा आणि वाफाळता चहा. त्या जागेला मी 'कोनाडा' म्हटलं. संपादकांनी खोडलं: 'कोनाड्यात माणूस मावत नाही.'

पुणेकर७२: बरोबरच खोडलं. कोनाडा म्हणजे भिंतीत कोरलेली जागा, त्यात पणती नाहीतर डबे ठेवायचे. 'झरोका' लिहा, संस्कृत 'जालगवाक्ष'वरून आलाय.

वाडेवाला: व्युत्पत्ती राहू द्या, मराठीत झरोका म्हणजे उजेडावाऱ्यापुरतं उंचावरचं भोक. तिथे बसणार कसं? आमच्या जुन्या वाड्यात भिंत दोन हात जाड आहे. खिडकी बाहेरच्या अंगाला, त्यामुळे आत बसण्याएवढी जागा उरते. आम्ही तिला नुसतं 'खिडकीत' म्हणतो. 'आजोबा कुठेत? खिडकीत बसलेत.' पण पावसात तिथे कोणी बसत नसे. काचा नव्हत्या, गज आणि लाकडी दारं. झड आत यायची म्हणून दारं लावून घ्यायची, की अंधार. मला वाटतं, म्हणूनच वेगळा शब्द झाला नाही.

राजापूरची: आमच्याकडे पावसात बसायचं ते पडवीत. झड अडवायला माडाच्या झावळ्यांची झापं बांधलेली असतात. 'पडवी' लिहा की!

मीरा_अनुवाद: पडवी घराबाहेरच्या अंगाला. ही मुलगी खोलीत आहे.

कागलकर: ब्लँकेटचं काय करताय? आम्ही वाकळ म्हणतो. जुन्या लुगड्यांचे थर, धावदोरा घालून शिवलेले. पुण्यामुंबईची माणसं तिलाच गोधडी म्हणतात. नाहीतर घोंगडी लिहा, तीही लोकरीचीच.

पुणेकर७२: घोंगडी उत्तम. ब्लँकेट कशाला मराठीत?

वाडेवाला: घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, नवी असताना ती ताठ आणि टोचरी असते. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतात, कारण लोकरीतून पाणी लवकर झिरपत नाही. म्हणजे ती बाहेर भिजणाऱ्याची. घोंगडी लिहिली की वाचकाला मुलगी नाही, मेंढपाळ दिसेल. आणि ब्लँकेट आज गावोगाव बोलतात.

कागलकर: माझी आजी घोंगडीवरच झोपायची, घरात!

वाडेवाला: अंथरायला, हो. पांघरून वाचत बसायला?

कागलकर: थंडीत पांघरायचीसुद्धा. वापरून मऊ झालेली घोंगडी टोचत नाही.

राजापूरची: 'वाफाळता' की 'वाफाळलेला'? मी दुसराच ऐकलाय.

पुणेकर७२: वाफाळता. वाफ अजून निघतेय ना!

मीरा_अनुवाद: चहा तसाच ठेवते. सध्या 'खिडकीतली बैठक' लिहिलंय, पण बैठक म्हटलं की मला गादी-तक्क्याची दिसते. आणखी काही सुचतंय?

कागलकर: खिडकीचा कट्टा. पण आधी वाकळेचं ठरवा.