मदत हवी आहे: जुना फोन घेतलाय, टच टेस्टमध्ये एक पट्टी भरतच नाहीये

नमस्कार मंडळी, चार दिवसांपूर्वी एका दुकानातून सेकंडहँड सॅमसंग फोन घेतला, ७ दिवसांत परत घेतो म्हणालाय, म्हणून घरी आल्या आल्या डायलरमध्ये `*#0*#` टाकून टेस्ट मेनू उघडला. रंग, स्पीकर, व्हायब्रेशन सगळं ओके, पण Touch मध्ये बोट फिरवलं की चौकोन हिरवे होत जातात ना, तिथे उजव्या कडेला खालून साधारण बोटभर उंचीवरचे दोन चौकोन काही केल्या भरत नाहीत.

आधी वाटलं टेम्पर्ड ग्लासमुळे असेल, ती काढली, चार्जर काढला, सेफ मोडमध्येही बघितलं, तेच. मग Build number वर सात वेळा टॅप करून Developer options चालू केले आणि त्यातलं Pointer location लावलं. हळूहळू तिरकी रेघ ओढली की बरोबर त्याच जागी तुटते. फोन आडवा करून परत ओढली तरी काचेवरची जागा तीच, म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष नसावा असं मला वाटतंय, कारण ॲपची गडबड असती तर स्क्रीन फिरवल्यावर जागा पण फिरली असती.

प्लेस्टोअरवरच्या एका फुकट टेस्ट ॲपने मात्र टच पास दाखवला, त्याचे चौकोन मोठे आहेत, त्यामुळे चौकोनाला कुठेही बोट लागलं की तो भरतो.

आता हे डिस्प्लेला जोडणारी केबल नीट न बसल्यामुळे होतं का पॅनेलच गेलंय? फोन न उघडता कळेल का? दुकानदाराला दाखवायला रेघेचा स्क्रीन रेकॉर्ड केलाय, तेवढं पुरेल ना? तीनच दिवस उरलेत, प्लीज लवकर सांगा.